माती कोणी खाल्ली?

गेल्या ऑगस्टमधला एक शनिवार. सकाळी साडेआठला मोबाइल वाजला. शनिवारी साडेआठ म्हणजे आपल्यासाठी पहाटच! पलीकडे माझी मैत्रीण, अगदी रडवेल्या आवाजात. ‘‘अगं, बाबांचा कॅक्टस गेला बहुतेक. तू लगेच ये.’’

ही मैत्रीण मूळची नागपूरची. गेल्या वर्षी जानेवारीत ठाण्यात नोकरी लागली, तेव्हा बाबांनी तिला दोन बॅगा, एक कुकर आणि एक कॅक्टस दिला. इकिनॉप्सिस. गोल, धारा असलेला, आपल्याकडे बऱ्याच जुन्या घरांच्या गच्चीत दिसतो तो. उन्हाळ्यात एखाद्या रात्री त्याला लांब नळीसारखं पांढरट गुलाबी फूल येतं आणि दुसऱ्या दिवशी ते मान टाकतं. बाबांनी बारा वर्षं सांभाळलेला तो कॅक्टस बाईसाहेबांनी ट्रेनमध्ये रात्रभर मांडीवर घेऊन आणला. कुंडीही तीच, मातीही तीच. नागपूरची अस्सल काळी माती.

मी पोहोचले तेव्हा तो खिडकीच्या ग्रिलमध्ये एका अंगाला कलला होता. अंगावर सुरकुत्या, बुडाजवळ एक तपकिरी डाग. ‘‘सुकत चालला होता ना, म्हणून मी पाणी वाढवलं,’’ ती म्हणाली. मी कुंडीत बोट घातलं. आत चिखल! वर पाऊस, खाली चिखल आणि मध्ये तहानलेला कॅक्टस.

सक्युलंट पाळणाऱ्या निम्म्या लोकांची फसगत इथेच होते. पानं किंवा खोड सुरकुतलं की आपल्याला वाटतं, बिचाऱ्याला तहान लागलीये. तहान लागलेली असतेच, पण पाणी पिणारी मुळंच कुजलेली असतात. मग आपण आणखी पाणी घालतो आणि उरलीसुरली मुळंही कुजतात. तेव्हा एक साधा नियम लक्षात ठेवा. झाड सुरकुतलंय आणि माती कोरडी आहे, तर पाणी द्या. झाड सुरकुतलंय आणि माती ओली आहे, तर पाणी बंद करा आणि झाड कुंडीबाहेर काढा. एचेव्हेरियासारख्या पानांच्या सक्युलंटमध्ये आणखी एक खूण दिसते. खालची पानं पिवळट, पारदर्शक होतात आणि बोट लावताच गळून पडतात. एखाददुसरं खालचं पान कागदासारखं वाळणं वेगळं, ते वयानुसार होतंच. पाणी भरल्यासारखं लिबलिबीत झालं, की समजायचं, मातीनं माती खाल्ली!

बाबांकडे कसा जगला मग?

मैत्रिणीनं नागपूरला फोन लावला. बाबांचा पहिला प्रश्न, ‘‘किती पाणी देऊन राहिली तू त्याला?’’ ती म्हणाली, ‘‘तुम्ही देत होता तेवढंच. आठवड्यातून एकदा.’’ आणि ते खरं होतं. पाणी तेवढंच, माती तीच, कुंडी तीच. मग बिघडलं कुठे?

बिघडलं ते कुंडी वाळायला लागणाऱ्या वेळात. नागपूरच्या गच्चीत दिवसभर ऊन आणि वर्षातले बरेच महिने कोरडी हवा. तिथे काळी मातीसुद्धा दोन-तीन दिवसांत वाळून तिला भेगा पडतात. ठाण्यात ग्रिलची खिडकी, सकाळचं दोन तास ऊन, आणि जूननंतर हवेतच इतकं पाणी की टॉवेल वाळत नाही. टॉवेल वाळत नाही तिथे काळी माती कशी वाळणार?

कॅक्टसच्या मुळांना पाण्याचं वावडं नाही. त्यांना वावडं आहे हवा न मिळण्याचं. मुळंही श्वास घेतात आणि त्यांना लागणारी हवा मातीच्या कणांमधल्या फटींत असते. कण मोठे असले की फटी मोठ्या. त्यांतून पाणी निथळून जातं आणि मागून हवा आत येते. कण बारीक असले की फटीही बारीक, आणि त्यांतलं पाणी हलतच नाही. काळ्या मातीतली चिकणमाती तर पाणी पिऊन फुगते, त्यामुळे होत्या त्या फटीही बुजतात. मुळं गुदमरतात आणि कुजवणाऱ्या बुरशीचं फावतं.

म्हणजे फंडा असा, की आठवड्यातून किती वेळा पाणी द्यायचं यावर डोकं खपवण्याआधी एकदा दिलेलं पाणी कुंडीत किती दिवस राहतं ते बघा. आणि ते ठरवते तुमची माती.

‘पण मी वाळू घातली होती गं!’

हे वाक्य मला दर पावसाळ्यात ऐकायला मिळतं. मैत्रिणीनंही मे महिन्यात वरच्या मातीत दोन मुठी वाळू कालवली होती. मुठी दोन, माती कुंडीभर. त्यानं काहीही होत नाही. कधी कधी उलट जास्तच घट्ट गोळा होतो.

का, ते स्वयंपाकघरात बघू. एका डब्यात रवा भरा आणि त्यात चार बटाटे खुपसा. बटाट्यांच्या भोवती सगळीकडे रवाच आहे, हवेला जागा कुठेच नाही. आता उलटं करा. डबा बटाट्यांनी गच्च भरा आणि वरून वाटीभर रवा ओता. रवा फटींत थोडा थोडा जाईल, पण बटाटे एकमेकांना टेकलेलेच राहतील आणि त्यांच्यामधल्या बऱ्याच फटी मोकळ्या राहतील. आपल्याला हा दुसरा डबा हवाय. बटाटे म्हणजे जाड वाळू आणि परलाइट, रवा म्हणजे माती. जाड कणांचं बहुमत झालं तरच मिश्रण निथळतं. म्हणून मातीत वाळू घालायची नाही, वाळूत माती घालायची.

माल कसा निवडायचा?

तीन वस्तू लागतात. जाड वाळू, परलाइट आणि साधी बागेतली माती.

आधी वाळू. बिल्डिंगचं काम चालू असेल तिथली बादलीभर वाळू वॉचमनकाकांना विचारून आणता येते, पण ती सिमेंटच्या गोण्यांशेजारची नको. हल्ली बांधकामावर दगड फोडून केलेली क्रश सँडच जास्त दिसते. तीही चालते, फक्त तिच्यात दगडाची पूड भरपूर असते आणि ती काढावीच लागते. जुहू किंवा अलिबागहून पिशवी भरून आणायचा मोह आवरा. समुद्राची वाळू खारट असते, शिवाय आपल्या कामासाठी फार बारीक. काहीच मिळालं नाही तर माशांच्या टाक्या विकणाऱ्या दुकानात बारीक खडी मिळते, ती घ्या.

दाणा केवढा हवा? मोहरीपासून ज्वारीपर्यंत. मोहरीहून बारीक ते सगळं बाहेर. त्यासाठी एक जुनी चहाची गाळणी आणि एक गव्हाची चाळण बागेसाठी बाजूला काढा. आईच्या चाळणीला हात लावलात तर परिणामांना मी जबाबदार नाही. कोरडी वाळू गव्हाच्या चाळणीतून चाळा, वर राहिलेले मोठे खडे बाजूला ठेवा. खाली पडलेली वाळू चहाच्या गाळणीत हलवा आणि जे गळून जाईल ते टाकून द्या. गाळणीत उरली ती आपली वाळू. बादलीभरातून जेमतेम अर्धी उरली तरी नाराज होऊ नका, उरलेली अर्धीच तुमचं झाड मारणार होती.

मग ही वाळू धुवायची. बादलीत पाणी, हातानं ढवळा, गढूळ पाणी ओता, पुन्हा. चार-पाच पाण्यांनंतर पाणी नितळ दिसायला लागतं. हे गढूळ पाणी बेसिनमध्ये ओतू नका, प्लंबरचं बिल वाळूपेक्षा महाग पडतं.

दुसरा परलाइट. नर्सरीत किंवा ऑनलाइन पिशवीत मिळतो. दिसायला थेट साबुदाणा, फक्त हातात घेतला की वजनच लागत नाही. हा मुळात ज्वालामुखीच्या काचेसारखा खडक. त्यात थोडं पाणी अडकलेलं असतं. भट्टीत खूप तापवला की त्या पाण्याची वाफ होते आणि ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा तो फुटून कित्येक पट फुगतो. त्यामुळे तो हलका, खडबडीत आणि आतून छिद्रांनी भरलेला असतो. थोडं पाणी अंगावर धरतो, बाकीचं जाऊ देतो, आणि शेणखत किंवा कोकोपीटसारखा कुजून बारीक होत नाही. पण त्याची पूड नाकातोंडात जाते. पिशवी उघडल्याबरोबर आत थोडं पाणी शिंपडा, तोंडाला रुमाल बांधा, आणि मगच हात घाला. तळाशी पीठ साचलेलं असतं, ते मिश्रणात घेऊ नका. आणि हो, टीव्हीच्या खोक्यातल्या थर्माकोलचे दाणे म्हणजे परलाइट नव्हे! ते पाणी धरत नाहीत आणि पहिल्या पाण्यालाच तरंगून वर येतात.

‘वाळू आहे तर परलाइट कशाला?’ असं कुणीतरी विचारणारच. दोघांची कामं वेगळी आहेत. नुसत्या वाळूची कुंडी इतकी जड होते की ग्रिलवर ठेवायची भीती वाटते. नुसत्या परलाइटची इतकी हलकी, की वरून जड झालेला कॅक्टस वाऱ्यानं कुंडीसकट आडवा होतो. वाळू वजन देते आणि मुळांना पकड देते, परलाइट हवा देतो. दोघं मिळून बरोबर जमतं.

तिसरी माती. कोकण आणि मुंबईकडे नर्सरीत लाल माती मिळते. ती काळ्या मातीसारखी फुगत नाही, पण तीही भिजून वाळली की कडक होते. पुण्याकडे पोयटा मिळतो, तो गाळाचा, अगदी बारीक. कोणतीही चालेल, कारण आपण ती कमीच घेणार आहोत. उन्हात वाळवा, ढेकळं फोडा, गव्हाच्या चाळणीतून चाळून काड्या, मुळं, खडे काढा. तिच्यात किती चिकणमाती आहे हे बघायचं असेल तर काचेच्या बाटलीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर कपड्यांची पावडर घाला आणि जोरात हलवून ठेवून द्या. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते. गाळ दोन-तीन तासांत बसतो. आणि चिकणमाती दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवते. मैत्रिणीच्या कुंडीतली माती हलवून ठेवली, तर तळाशी वाळूची रेघ जेमतेम बोटाच्या पेरभर आणि रविवारी संध्याकाळीही वरचं पाणी चहासारखं! गुन्हेगार सापडला.

शनिवार दुपारचं ऑपरेशन

आता मूळ पेशंटकडे येऊ. कॅक्टसला जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून कुंडीतून काढला. सगळा चिखल नळाखाली धुऊन टाकला. मुळं बहुतेक तपकिरी, ओढली की सालीसारखी सुटून येत होती. ती सगळी कापली. बुडावरचा डाग स्वच्छ ब्लेडनं चकत्या काढाव्यात तसा थोडा थोडा कापत गेलो. दर चकतीला ब्लेड डेटॉलनं पुसायचं, नाहीतर कुजका भाग आपणच वर नेतो. पाचव्या चकतीला आतला गर स्वच्छ, हिरवट पांढरा दिसला. कुठेही तपकिरी ठिपका नाही. तिथे थांबलो. मैत्रीण तोवर दुसऱ्या खोलीत जाऊन बसली होती.

कापलेला भाग लगेच मातीत लावायचा नाही. ती जखम आहे, तिच्यावर खपली धरू द्यायची. कोरड्या हवेत आठवडा पुरतो, ठाण्याच्या ऑगस्टमध्ये आम्ही तो पंख्याखाली, वर्तमानपत्रावर तब्बल बारा दिवस ठेवला. कॅक्टसच्या पोटात पाणी साठवलेलं असतं, बारा दिवसांत त्याला काही होत नाही. जीव आपलाच वर-खाली होतो.

तेवढ्यात आम्ही माती तयार केली. माप म्हणून अर्धा किलो श्रीखंडाचा रिकामा डबा. एक डबा माती, दीड डबा वाळू, दीड डबा परलाइट. म्हणजे मातीचा वाटा फक्त पाव. माप नेहमी डब्यानं घ्यायचं, वजनानं नाही. लिटरभर कोरडी वाळू दीड किलोच्या आसपास भरते, आणि लिटरभर परलाइट साधारण १०० ग्रॅम. वजनानं सारखं घ्यायला गेलात तर वाळूच्या दोन मुठींसाठी परलाइटचा डोंगर लागेल.

आधी माती आणि वाळू कोरडीच एकत्र केली. मग परलाइट घातला आणि वरून थोडं पाणी शिंपडून हातानं खालीवर केलं. पाणी अशासाठी, की ओलसर माती परलाइटला चिकटून बसते आणि सगळं वेगवेगळं होत नाही. चोळायचं मात्र नाही. परलाइट बोटांत चिरडला की त्याचं पुन्हा पीठ. हिशेबानं चार डबे घातले, तयार झालं ते साडेतीन डबे. बारीक माती फटींत गेली म्हणून. पण एकपट माती घालून अर्धाच डबा कमी झाला, म्हणजे फटी अजून पुष्कळ मोकळ्या आहेत.

आता परीक्षा. पहिली मुठीची. ओलसर मिश्रण मुठीत घट्ट दाबा आणि मूठ उघडा. लाडू वळला गेला तर माती जास्त आहे. उघडताच किंवा बोटानं टोचताच विस्कटला, तर पास. दुसरी पेल्याची. कुंडी भरा, एकदा पूर्ण भिजवा, दहा मिनिटांनी पुन्हा पेलाभर पाणी ओता. पाणी वर तळं करून राहता कामा नये. ओतताओतताच आत गेलं पाहिजे आणि लगेच खालच्या भोकातून यायला लागलं पाहिजे. पहिल्या पाण्यावर निकाल लावू नका, कोरडं मिश्रण सुरुवातीला पाणी नीट घेतच नाही. खालून येणारं पाणी दुसऱ्या-तिसऱ्या वेळीही गढूळ असेल, तर वाळू नीट धुतली गेली नव्हती असं समजा. तीच बारीक पूड उद्या तळाशी जाऊन बसणार. आळस न करता परत धुवा.

तळाशी खडे? नको!

कुंडी भरताना मैत्रिणीनं सवयीनं तळाशी दोन इंच खडी घालायला घेतली. ‘‘पाणी निथळायला नको का?’’ सगळ्या आत्या, मावश्या आणि नर्सरीवाले काका हेच सांगतात. मी तिला भांडी घासायचा स्पंज आणायला लावला.

स्पंज पूर्ण भिजवा आणि आडवा, तळहातावर पसरल्यासारखा धरा. थोडं पाणी गळेल आणि थांबेल. आता तोच स्पंज उभा करा. पुन्हा धार लागते! स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली. कुंडीतल्या मातीचंही असंच असतं. निथळून झाल्यावरही तळाचा एक थर पाणी धरूनच राहतो, कारण बारीक फटी पाण्याला सोडत नाहीत. खाली खडी घातली की पाणी मातीतून उडी मारून खडीत जात नाही. तो ओला थर फक्त वर सरकतो, खडीच्या डोक्यावर बसतो, म्हणजे थेट मुळांपाशी. शिवाय मातीची उंची दोन इंचांनी कमी. आडवा स्पंज! म्हणून तळापासून वरपर्यंत एकच मिश्रण भरा. भोकावर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा पुरतो, माती वाहून जाऊ नये एवढ्यासाठी. तुमची खडी वाया जाणार नाही, ती वर पसरा. कॅक्टसच्या बुडाशी ओल टेकत नाही आणि परलाइट तरंगून वर येत नाही.

कुंडी बदलली. बाबांची आठ इंची प्लॅस्टिकची बाजूला ठेवली आणि पाच इंची, साधी मातीची आणली. मुळं नसलेल्या झाडाला मोठी कुंडी म्हणजे न पिता साठून राहिलेलं पाणी. मातीची कुंडी अंगातूनही ओल सोडते. या कुंडीत साधारण लिटरभर मिश्रण बसतं, आमचं डबाभर उरलं. बाराव्या दिवशी कॅक्टस त्यावर नुसता टेकवला, एक सेंटिमीटरही पुरला नाही, भोवतीनं खडीचा आधार दिला. आणि पाणी? दहा दिवस थेंबही नाही. कोरड्या मिश्रणात मुळं पाण्याच्या शोधात बाहेर पडतात, आणि मुळं नसताना दिलेलं पाणी फक्त जखम भिजवतं.

अगरबत्तीची काडी

मग पाणी कधी द्यायचं, हे कॅलेंडरला विचारू नका. जळून गेलेल्या अगरबत्तीची काडी ठेवून द्या. ती कुंडीत कडेनं तळापर्यंत खुपसा, पाच मिनिटांनी काढा. ओली लागली, रंग गडद झाला, माती चिकटली, तर आत ओल आहे. कोरडी आली की आणखी दोन दिवस थांबून भरपूर पाणी द्या, खालून वाहीपर्यंत. घोटभर पाणी वरवर देण्यात काही अर्थ नाही, मुळं वरच राहतात. मैत्रिणीच्या जुन्या कुंडीतली काडी नवव्या दिवशीही ओली येत होती. नव्या मिश्रणातली सप्टेंबरच्या त्याच खिडकीत चौथ्या दिवशी कोरडी आली. खिडकी तीच, हवा तीच, फरक फक्त फटींचा.

हाच प्रमाणाचा कानमंत्र समजा. भर पावसाळ्यात, तुमच्या खिडकीत काडी चार-पाच दिवसांत कोरडी यायला हवी. आठवड्याच्या वर लागत असेल तर मातीचा वाटा कमी करा. दोन दिवसांतच खडखडीत होत असेल आणि झाड सारखं सुरकुतत असेल तर माती वाढवा. एचेव्हेरिया, जेड, हावर्थिया यांच्यासाठी मी तिन्ही वस्तू समान घेते, डब्याला डबा. काटेवाल्या कॅक्टसला मातीचा वाटा पाव.

मिश्रणाच्या मर्यादाही सांगते, म्हणजे नंतर मला शिव्या बसणार नाहीत. पंधरा दिवस थेट पाऊस झेलणाऱ्या कुंडीला कुठलंही मिश्रण वाचवत नाही, तिला छपराखालीच घ्यावं लागतं. कुंडीखालच्या बशीत पाणी साठू दिलंत तर सगळी चाळणी वाया. वाळू आणि परलाइटमध्ये अन्न काहीच नसतं, ते त्या पाव डबा मातीत असतं, तेही संपतं. म्हणून पाऊस ओसरल्यावर महिन्यातून एकदा अगदी पातळ केलेलं खत द्या, पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्मं. आणि दोन-तीन वर्षांत परलाइट थोडा चुरतो, बारीक कण तळाशी बसतात, काडीला जास्त दिवस लागायला लागतात. ती कुंडी बदलायची सूचना. हे काम कोरड्या दिवसांत करा, आमच्यासारखं ऑगस्टमध्ये पेशंट आयसीयूत गेल्यावर नाही.

नोव्हेंबरमध्ये मैत्रिणीनं कॅक्टसला हलकेच बोट लावून बघितलं. तो हलला नाही. मुळं धरली होती. हळूहळू सुरकुत्या भरून आल्या. यंदाच्या उन्हाळ्यात फूल आलं नाही, पण अंगावर दोन पिल्लं आली, बटणाएवढी. तिनं फोटो नागपूरला पाठवला. बाबांचा लगेच फोन, ‘‘काय काय टाकलं ते लिहून पाठव. मी पण इथे तसंच करतो.’’

तिनं प्रमाण लिहून पाठवलं. पण खाली एक ओळ मी तिला वाढवायला लावली, ‘बाबा, तुमच्या गच्चीत हे मे महिन्यात एका दिवसात कोरडं पडेल. तुम्ही माती दुप्पट घ्या, आणि अगरबत्तीची काडी लावून बघा.’

आता तुमच्या खिडकीतली कुंडी बघा. पाऊस तोंडावर आलाय. या वीकेण्डला मॉलमध्ये नंतर जा, आधी तेवढी काडी खुपसा.